आधी नाक, मग बोट: आबाजींनी शिकवलेली चामड्याची पारख

चपलेच्या तळव्यासाठी घेतलेले चामडे आतपर्यंत कमावले गेले आहे की नाही, हे विकत घेण्याआधीच ओळखणे ही चांभारकामातली सर्वांत अवघड पारख आहे. आतून कच्चे राहिलेले चामडे वरून पक्क्या चामड्यासारखेच दिसते, तसेच तासले जाते, तसेच शिवलेही जाते. त्याचा दोष उघड होतो तो पहिल्या पावसाळ्यात, ग्राहकाच्या पायात. ही पारख मला माझ्या आजोबांनी, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो, नागपुरात इतवारीच्या एका बोळाच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या लहानशा दुकानात शिकवली. आज मी स्वतः चपला बनवते आणि तळव्याचे चामडे स्वतःच निवडून आणते, ते त्या शिकवणुकीच्या बळावर. ती शिकवणूक कोणत्या क्रमाने झाली आणि एका म्हशीच्या चामड्याच्या वेळी ती कशी कामी आली, ते येथे लिहीत आहे.

आबाजींचा पहिला नियम वेळेचा होता. नवे चामडे पाहायचे ते सकाळी, चामडे चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडण्याआधी. एकदा डबा उघडला की त्याचा उग्र वास बोटांना, कपड्यांना आणि सगळ्या दुकानाला लागतो आणि त्यानंतर नाकाला बारीक फरक कळत नाहीत. एकामागून एक तीनचार चामडी हुंगली तरी नाक थकते, म्हणून मध्ये उठून बोळात जाऊन यायचे आणि मोकळी हवा घ्यायची. हात साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. तेलकट किंवा ओलसर बोटांना चामड्याचा ओलावा समजत नाही, त्यांना स्वतःचाच ओलावा लागतो.

दुसरा नियम असा की हुंगायचे ते केसांच्या बाजूने नव्हे, मासाच्या बाजूने. प्रत्येक चामड्याला दोन बाजू असतात. जनावराच्या अंगावर असताना जिच्यावर केस होते ती गुळगुळीत बाजू, आणि जी मासाला चिकटलेली होती ती खरबरीत, तंतू दिसणारी बाजू. केसांच्या बाजूवर तेल, रंग, मेण, लाख असे काहीही चढवलेले असू शकते. अलीकडे तर चामड्याचा वास देणारे अत्तरही मारलेले असते. मासाच्या बाजूवर सहसा कोणी एवढी मेहनत घेत नाही. "वरून नको हुंगू बाई, उलटं कर. वरचा वास दुकानदाराचा असते, खालचा चामड्याचा," असे आबाजी म्हणत.

हुंगण्याची रीतही ठरलेली होती. चामड्याचा कोपरा दोन्ही तळहातांत थोडा वेळ धरून कोमट करायचा, कारण गार चामडे आपला वास पूर्ण सोडत नाही. मग तोंडाची वाफ द्यायची आणि लगेच नाक लावायचे. त्याने समाधान झाले नाही तर पाण्याचा एक थेंब मासाच्या बाजूवर चोळून पुन्हा हुंगायचे. सालीने कमावलेल्या चामड्यावर पाणी पडले की त्यातला बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा तुरट, लाकडी वास एकदम वर येतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याला असा झाडाचा वास नसतो. त्याला वास येतो तो नंतर घातलेल्या तेलाचा, आणि कधी थोडासा औषधी, धातूसारखा. रेक्झिनला प्लॅस्टिकचा वास येतोच, पण ते ओळखायला नाकाचीही गरज नसते. उलटून पाहिले की खाली कापड दिसते. खरी फसवणूक होते ती चामड्याच्या खालच्या थराची. जाड कातडे आडवे चिरून दोन थर केले की वरचा केसांचा थर महाग विकला जातो आणि खालच्या नुसत्या तंतूंच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन त्यावर खोटा दाणा, म्हणजे केसांच्या बाजूचा छिद्रांचा पोत, छापला जातो. ते चामडे असते, त्याला चामड्याचा वासही असतो, पण त्यात कातड्याचा सर्वांत घट्ट भाग उरलेलाच नसतो.

नाकाने जे ठरेल त्याला आबाजी लोखंडाची साक्ष घेत. ओल्या चामड्यावर रापीचे पाते काही वेळ टेकवून ठेवायचे. साल-हिरड्यातले तुरट द्रव्य आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो, आणि डाग पडला म्हणजे चामडे सालीचे. निव्वळ क्रोमच्या चामड्यावर तो पडत नाही. याच कारणाने सालीच्या चामड्याचे काम चालू असताना ओली रापी त्याच्यावर विसरून ठेवायला आमच्याकडे सक्त मनाई होती, कारण तो डाग सहजासहजी जात नाही.

वाईट वासांची ओळख मला चांगल्या वासांच्या आधी करून दिली गेली, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. पावसाळ्यात बंद खोलीत राहिलेल्या चामड्याला कुबट वास येतो आणि त्यावर पांढुरकी बुरशी दिसते. पण पांढरे दिसले म्हणजे बुरशीच असे नाही. चामड्यातली चरबीही कधीकधी वर येऊन पांढरी दिसते; तळहाताच्या उबेने ती विरघळून नाहीशी होते आणि तिला कुबट वास नसतो, तर बुरशी उबेने जात नाही, पुसावी लागते आणि वास मागे राहतो. खवट तेलाचा वास आला तर चामडे फार दिवस पडून आहे असे समजायचे. कातडे काढल्यावर त्याला वेळेवर मीठ लागले नसेल आणि कमावण्याआधीच ते कुजू लागले असेल, तर पुढे कितीही साल वापरली तरी मासाच्या बाजूला एक मंद कुजका वास राहतो, आणि अशा चामड्याचा दाणा नखाने खरवडला तर सुटतो. हे चामडे आबाजी दुसऱ्यांदा हातात धरत नसत.

नाकाने एवढे समजते की चामडे कशाने कमावले आणि कसे ठेवले. ते जनावराच्या कोणत्या भागाचे आहे, त्याची वीण किती घट्ट आहे, हे नाकाला कळत नाही. तेथून पुढे हात.

आबाजी डाव्या हाताने पाहत, कारण उजव्या हाताला हातोडीने आणि आरीने घट्टे पडलेले होते. मला त्यांनी डोळे मिटून एका पूर्ण चामड्यावर हात फिरवायला लावला. पाठीच्या कण्याच्या रेषेपासून सुरुवात करायची आणि पोटाकडे सरकत जायचे. कण्याच्या दोन्ही अंगांना, मागच्या भागात, चामडे सर्वांत जाड, भरीव आणि एकसारखे लागते. त्याला आमच्याकडे पुठ्ठा म्हणतात आणि तळवा निघतो तो यातून. मानेकडे जाताना सुरकुत्या लागतात. पोटाकडे उतरताना चामडे पातळ आणि पोकळ होत जाते, आणि बगल व जांघ यांच्यापाशी ते बोटांखाली जवळजवळ भुसभुशीत लागते. चामड्याचे तंतू पोटाजवळ सैल विणलेले असतात, म्हणून तेथून वादी कापली तर ती ताणत जाते आणि महिनाभरात चप्पल पायातून निसटू लागते. पट्टे आणि वाद्या कण्याला समांतर कापायच्या, कारण त्या दिशेने चामडे कमी ताणते.

वीण घट्ट की सैल हे पाहण्यासाठी केसांची बाजू आत घेऊन हलकी घडी करायची आणि घडीच्या पोटात पाहायचे. तेथे अगदी बारीक, एकमेकींना लागून सुरकुत्या पडल्या आणि घडी सोडताच मिटल्या, तर दाणा खालच्या थराला घट्ट धरून आहे. मोठ्या, रुंद वळ्या पडल्या आणि सोडल्यावरही दिसत राहिल्या, तर दाणा खालून सुटलेला आहे. मग उलट घडी, म्हणजे केसांची बाजू बाहेर. त्यात दाण्याला तडे गेले तर चामडे सुकलेले आहे किंवा कमावताना त्याचा दाणा ठिसूळ झाला आहे. या दोन घड्यांचा सराव मी कापून उरलेल्या तुकड्यांवर करत असे, आणि आबाजी तुकडा न पाहता फक्त मला विचारत की तो कोठला. पोटाचा की खांद्याचा, हे बोटांना लवकर कळू लागले. खांद्याचा की पुठ्ठ्याचा, हे कळायला पुष्कळ वेळ गेला.

पण हाताच्या परीक्षेत नागपूरची हवा आडवी येते. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओलावा उरत नाही. तेव्हा उत्तम कमावलेले सालीचे चामडेही लाकडासारखे कडक लागते आणि वाजवले तर खणखणते. तेच चामडे ऑगस्टमध्ये हवेतले पाणी शोषून मऊ, जड आणि स्पर्शाला गार होते. मग आज हातात आलेले चामडे कडक लागते आहे ते कच्चे आहे म्हणून, की ऊन आहे म्हणून, हे कसे ठरवायचे? आबाजींनी यासाठी एक तुकडा खिळ्याला टांगून ठेवला होता. तो एका जुन्या, खात्रीच्या पुठ्ठ्याचा होता आणि त्याला ते साक्षीदार म्हणत. नवीन चामड्याला हात लावण्याआधी साक्षीदाराला हात लावायचा, वाकवायचा, गालाला लावून त्याचा गारवा पाहायचा, आणि मग नवे चामडे घ्यायचे. साक्षीदारही आज तेवढाच कडक असेल तर दोष हवेचा. साक्षीदार वाकतो आणि नवे वाकत नाही तर दोष चामड्याचा. मला त्यांच्या सगळ्या शिकवणुकीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि खरेदीला जाताना मी आजही तसा एक तुकडा पिशवीत घेऊन जाते.

आता त्या म्हशीच्या चामड्याविषयी. राज्याच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती होऊन गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर बैलाचे चामडे आमच्या हाती क्वचितच येऊ लागले आणि तळव्यासाठी म्हशीच्याच चामड्यावर भर राहिला. म्हशीचे चामडे ओळखायला सोपे असते: म्हशीला केस विरळ असल्यामुळे केसांची छिद्रे मोठी आणि दूरदूर असतात आणि दाणा राठ लागतो. मात्र ते जाड असते, आणि जाडी जितकी जास्त तितके आतपर्यंत साल पोचायला वेळ लागतो. सालीचे काम आठवड्यांचे आहे. जुन्या पद्धतीत कातडे शिवून त्याची पखाल करतात, ती टांगून त्यात साल-हिरड्याचे पाणी भरतात आणि ते पाणी हळूहळू कातड्यातून पाझरत राहते. सुरुवातीला पाणी सौम्य ठेवून पुढे ते कडक करत जायचे असते.

कामठी रोडकडच्या एका गोदामात आम्हाला म्हशीचे अर्धे चामडे दाखवले गेले, म्हणजे कण्यावर उभे कापलेल्या दोन भागांपैकी एक. तळव्याचे चामडे किलोवर विकले जाते, म्हणून आबाजींनी आधी ते उचलून वजनाचा अंदाज घेतला. वजनावर विकायच्या मालात वजन वाढवणारे क्षार भरण्याची लबाडी जुनी आहे. तसे चामडे पावसाळी हवेत चिकट, ओलसर लागते आणि भिजवून वाळवले की अंगावर पांढरी पूड येते. येथे तसे काही जाणवले नाही. मग त्यांनी मला पुढे केले.

मासाच्या बाजूचा वास स्वच्छ होता. वाफ दिल्यावर बाभळीचा तुरटपणा चांगला वर आला, कुबटपणा नाही, खवटपणा नाही. रंग तांबूस आणि सगळीकडे सारखा. पोटाच्या बाजूची घडी त्या भागाला साजेशीच पडली. पण हात कण्याकडे सरकला तसा पुठ्ठा अपेक्षेपेक्षा फार ताठ लागू लागला. पिशवीतला साक्षीदार काढून वाकवला. तो त्या दिवशी सहज वाकत होता. पुठ्ठा वाकवल्यावर मात्र तो लवचीकपणे परत आला नाही, तर पत्र्यासारखा एकाच जागी मोडू पाहत होता आणि दाण्यावर बारीक तडा दिसला. मी आबाजींना एवढेच म्हटले की वास पक्क्याचा आहे आणि हात कच्च्याचा आहे. त्यांनी मान हलवली आणि दुकानदाराला विचारून पुठ्ठ्याच्या कडेची एक पट्टी रापीने कापून घेतली.

चामड्याची खरी गोष्ट त्याच्या ताज्या कापात असते, कारण तेथे कोणाचा हात पोचलेला नसतो. पट्टी सुमारे पाच मिलिमीटर जाड होती. वरून आणि खालून तपकिरी रंग आत गेलेला होता, पण बरोबर मध्यभागी साधारण एक मिलिमीटरची फिकट, अर्धपारदर्शक रेषा होती. नख लावले तर तपकिरी भागात ते किंचित रुतत होते आणि त्या रेषेवर घसरत होते. ती रेषा म्हणजे साल न पोचलेले, केवळ वाळलेले कातडे. काप नाकाजवळ धरला तर बाभळीच्या वासाखाली सरसाचा अगदी मंद वास येत होता, आणि त्यात नवल नाही, कारण सरस कच्च्या कातड्यापासूनच होतो.

असे का घडते, ते आबाजींनी तेथेच सांगितले. माल लवकर निघावा म्हणून सुरुवातीलाच कडक पाणी दिले की वरचे थर भराभर साल ओढून घेतात आणि घट्ट बंद होतात; मग पुढचे पाणी आत शिरायला वाट राहत नाही. "जाळ मोठा केला का रोडगा वरून करपते अन् आत पीठच राहते, तसंच हाय हे. हे आता आणखी महिनाभर पाण्यात ठेवलं तरी आत जाणार नाही," असे ते म्हणाले. पोटाचा भाग पातळ असल्यामुळे तेथे साल आरपार गेली होती. एरवी ज्या भागाला कमी भाव तोच या चामड्यात पक्का होता, आणि ज्याचे पैसे जास्त तो पुठ्ठा कच्चा होता.

दुकानदार हा धंद्यातला जुना माणूस होता, पण त्याचे म्हणणे असे की ती रेषा चरबीची आहे. वाद न घालता आबाजींनी पट्टीचे दोन तुकडे केले, एक त्याच्याकडे दिला आणि रात्रभर पाण्यात ठेवायला सांगितला. दुसरा आम्ही घरी आणून वाटीत बुडवला, सोबत साक्षीदाराची एक कपची. सकाळी साक्षीदाराची कपची काळसर, मऊ आणि जाडीने जवळजवळ तेवढीच होती. आणलेल्या तुकड्यात मधली रेषा फुगून जाड झाली होती, बोटाला बुळबुळीत लागत होती आणि चिमटीत दाबल्यावर वरचा आणि खालचा थर एकमेकांवर सरकत होते. ओल्या तळव्यात नेमके हेच होते: मधला कच्चा थर पाणी पिऊन फुगतो, त्यातले टाके सैल होतात, उन्हात तो आक्रसून कडक होतो, तळवा वाकडा होतो, आणि पुन्हा भिजला की कुजून वास मारू लागतो. चरबीची रेषा अशी फुगत नाही. ती पाणी घेतच नाही.

ही परीक्षा फक्त सालीच्या तळव्यासाठी आहे, हे येथे नोंदवायला हवे. क्रोमच्या चामड्याचा काप रंगवलेला नसेल तर मध्ये निळसर करडा दिसतो, आणि तो कच्चेपणा नव्हे, क्रोमचाच रंग आहे. त्याची खात्री उकळत्या पाण्याने होते. चांगले क्रोमचे चामडे मिनिटभर उकळले तरी फारसे आक्रसत नाही. सालीचे पक्के चामडेही उकळत्या पाण्यात आखडून कडक होते, म्हणून ही कसोटी सालीच्या चामड्याला लावून ते कच्चे ठरवणे अन्यायाचे आहे. बाजारात मी हे होताना पाहिले आहे आणि मला ते फार खटकते.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या भांड्यातला तुकडाही तसाच फुगलेला निघाला. त्याने पुठ्ठ्याचा भाव उतरवून देण्याची तयारी दाखवली, पण आबाजींनी पुठ्ठा घेतला नाही, कारण स्वस्त घेतलेला कच्चा तळवाही ग्राहकाला पक्का म्हणूनच विकावा लागतो. पोटाचा पट्टा मात्र त्यांनी मला पुन्हा तपासायला लावला. मी तीन ठिकाणी कडेचा काप घेतला. तिन्ही ठिकाणी तपकिरी रंग आरपार होता आणि नख सगळीकडे सारखे रुतत होते. पोटाचे चामडे बाहेरच्या तळव्याला चालत नाही, पण पायाला लागणाऱ्या आतल्या तळासाठी त्याचा मऊपणा उपयोगी पडतो. तेवढा पट्टा आम्ही पोटाच्या भावाने तोलून घेतला, आणि बाहेरच्या तळव्यासाठी दुसरा पुठ्ठा पाहायला पुढच्या गोदामात गेलो.